चिठ्ठी आणि फोटो देऊनही कुंड्या सडतात? या क्रमाने तपासा

आठ-पंधरा दिवस बाहेरगावी जायचं, घरी राहायला येणाऱ्याला कुंड्यांचे फोटो आणि कशाला किती पाणी याची यादी द्यायची, आणि परत येऊन बघावं तर निम्म्या कुंड्यांनी मान टाकलेली. नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांतून अशा कुंड्या माझ्याकडे येतात. पाणी घालायचं राहून गेलं म्हणून वाळलेलं झाड त्यात क्वचित असतं. बहुतेक झाडं जास्त पाण्याने गेलेली असतात, आणि तेवढं पाणी चिठ्ठीनेच घालायला लावलेलं असतं. म्हणून मी झाडाआधी चिठ्ठी मागते.

लक्षणं

चिठ्ठीत गडबड आहे हे घर सोडल्यावर दोन-तीन दिवसांतच कळायला लागतं. राहायला आलेला माणूस रोज फोटो पाठवून विचारतो, "हे पान आधीपासून पिवळं होतं का?" किंवा, "याला काल पाणी घातलं, तरी झाड पडलेलंच आहे, अजून घालू का?" हा दुसरा प्रश्न आला की मी सावध होते.

परत आल्यावर दिसणारी लक्षणं अशी: माती वरून ओली आणि कुंडी उचलायला जड, पण पानं लोंबलेली. खालची पानं एकामागोमाग पिवळी. स्नेक प्लांटचं पान मुळाशी मऊ पडून आडवं झालेलं. मातीवर बारीक काळी चिलटं उडताहेत. बशीत पाणी साचलेलं आणि त्याला कुबट वास. याउलट कुंडी हलकी, माती कडेपासून सुटलेली आणि पानांच्या कडा कुरकुरीत असतील तर झाड तहानलेलं आहे. तो प्रकारही खाली येईलच.

गोंधळाचं मूळ हे की तहानलेलं झाड आणि मुळं सडलेलं झाड दुरून सारखंच दिसतं. मातीतल्या बारीक पोकळ्यांमध्ये सतत पाणी भरून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, ती मरायला लागतात, आणि मेलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाडही वर कोरडंच पडतं. बघणारा मान टाकलेली पानं बघतो, त्याला दया येते आणि तो आणखी पाणी घालतो.

१. फोटोवर तारीख, वेळ आणि शेवटचं पाणी लिहिलं आहे का?

ही सगळ्यात सोपी, फुकटातली तपासणी. फोटोतलं झाड पाणी घालून किती वेळ झालेलं आहे, हे कळल्याशिवाय त्या फोटोचा उपयोग नाही. बहुतेक लोक निघायच्या दिवशी सगळ्यांना भरपूर पाणी घालतात आणि मग टवटवीत झाडांचे फोटो काढतात. राहायला आलेल्याला वाटतं, झाड कायम असंच दिसायला हवं. चार दिवसांनी पानं जरा सैल पडली की त्याचा हात पाण्याकडे जातो. खरं तर त्या झाडाचं चार दिवसांनी तसं दिसणं अगदी ठीक असतं.

म्हणून प्रत्येक झाडाचे दोन फोटो द्या: एक पाणी घातल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आणि एक "आता पाणी द्यायची वेळ झाली" अशा अवस्थेतला. दुसरा फोटो निघायच्या दिवशी मिळत नाही, त्यामुळे हे काम आठ-दहा दिवस आधी सुरू करावं लागतं. सगळ्या झाडांचं जमलं नाही तर निदान नाजूक झाडांचं करा.

वेळही लिहा. जास्वंदीसारखी मोठ्या पानांची झाडं भर उन्हात, माती ओली असतानाही, दुपारी मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. फोटो सकाळचा आणि तुलना दुपारच्या झाडाशी केली तर रोज पाणी घालावंसं वाटेल. तुलना सकाळीच करायची, असं चिठ्ठीत स्पष्ट लिहा.

२. फोटो दिवसाच्या उजेडात काढला आहे का?

रात्री दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात काढलेल्या फोटोत हिरवी पानं पिवळसर दिसतात आणि खरंच पिवळं पडलेलं पान त्यात लपतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात, उजेड पाठीशी घेऊन फोटो काढा. कुंडीसकट पूर्ण झाड दिसलं पाहिजे, कारण कुंडी दिसली नाही तर कुठलं झाड हेच कळत नाही. कुंडीला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर आकडा लिहा आणि तोच आकडा चिठ्ठीत वापरा. "कोपऱ्यातला मनी प्लांट" हे वर्णन घरच्यांना पुरतं. पाहुण्याला घरात चार कोपरे दिसतात आणि मनी प्लांटही दोन-तीन असतात.

३. आधीपासूनचे दोष फोटोवर दाखवले आहेत का?

फोन करायला आणि नको तितकं पाणी घालायला लावणारं सगळ्यात मोठं कारण हेच. आपल्या झाडाचं तपकिरी टोक आपल्याला दिसेनासं झालेलं असतं. नव्या माणसाच्या नजरेला आधी तेच दिसतं, आणि आपल्याच हातून काही बिघडलं या भीतीने तो उपाय शोधायला लागतो.

फोनमधल्याच सोयीने फोटोवर गोल काढा आणि शेजारी लिहा: "हे डाग जुने आहेत", "खालचं हे पान पिवळं होऊन गळणार आहे, गळू दे", "हा पांढरा थर पाण्यातल्या क्षारांचा आहे, बुरशी नाही". मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला सकाळी पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो. रात्रभर माती ओली असली की पान जादा पाणी असं टोकातून बाहेर टाकतं. नवखा माणूस त्याला रोग समजतो, त्यामुळे हेही एका ओळीत लिहून ठेवलेलं बरं.

४. चिठ्ठीत दिवस लिहिले आहेत की मातीची अवस्था?

"दर तीन दिवसांनी पाणी" असं लिहिलेलं दिसलं की मी ती ओळ खोडते आणि तिथे लिहिते, "दर तीन दिवसांनी बोट घालून बघणे". कधी बघायचं ते दिवसांवर ठरवा, घालायचं की नाही ते मातीवर.

यामागे एक कारण आहे जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपण घरात असताना झाड जेवढं पाणी पितं, तेवढं आपण नसताना पीत नाही. राहायला आलेला माणूस सकाळी कामाला जाताना खिडक्या लावतो, पडदे ओढतो, पंखे बंद करतो. उजेड आणि वारा कमी झाला की झाडाचं पाणी ओढणं मंदावतं आणि माती दुप्पट वेळ ओली राहू शकते. तीन दिवसांचा हिशोब आपल्या उघड्या पडद्यांचा होता. त्यामुळे चिठ्ठीत पाण्याआधी "सकाळी हा पडदा उघडायचा" ही ओळ हवी.

बोट किती घालायचं हेही सांगा. साधारण दोन पेरं, म्हणजे ५ सेंटीमीटर. वरची माती सुकलेली दिसत असली तरी खाली ओल असते. खोल कुंडीत लाकडी काडी खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडीला ओली माती चिकटून आली तर पाणी नको. ओलावा मोजायची स्वस्त यंत्रं मिळतात, पण त्यातली बरीच मातीतून वीज किती वाहते त्यावरून अंदाज बांधतात. मातीत क्षार जास्त असले की ती कोरड्या मातीलाही ओली म्हणतात. मी त्यांच्या भरवशावर कुणाला सोडत नाही.

५. पाण्याचं माप दिलं आहे का?

"थोडंसं", "बेताचं", "भरपूर" हे शब्द चिठ्ठीत नकोत. तुमच्या घरातलं एखादं भांडं ठरवा, कुंड्यांपाशीच ठेवा आणि सगळी मापं त्यातच लिहा. माप काढणं सोपं आहे: माती सुकलेली असताना मोजून पाणी घालत जायचं आणि तळाच्या भोकातून पहिले थेंब आले की थांबायचं. मुळांनी भरलेली १५ सेंटीमीटरची कुंडी बहुधा पाव ते अर्ध्या लिटरच्या दरम्यान थांबते, पण माती आणि मुळांप्रमाणे फरक पडतो, म्हणून आपल्या कुंडीचं माप आपणच काढावं.

रोज घोटभर पाणी घालणं हा दयाळू माणसांचा खास प्रकार. त्याने वरचा थर कायम ओला राहतो, तिथे चिलटं होतात आणि तळाची मुळं मात्र तहानलेलीच राहतात. घालायचं तेव्हा पूर्ण घालायचं, मग माती सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

६. कुंडी उचलून बघा, खालची बशी बघा

वजनाइतकी खरी खूण दुसरी नाही. माझ्याकडच्या १५ सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या एका कुंडीचं वजन पाणी निथळल्यावर १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि सुकल्यावर ९०० ग्रॅमच्या. एवढा फरक हाताला सहज कळतो, काटा लागत नाही. घर ताब्यात देण्याआधी एकदा सोबत फिरून पाहुण्याला एक सुकी आणि एक ओली कुंडी हातात द्या. चिठ्ठीच्या दोन पानांनी होत नाही ते यात होतं.

मग बशी. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आत दुसरी कुंडी ठेवलेली असेल तर तिच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण बाहेरच्या कुंडीला भोक नसतं आणि तळात साचलेलं पाणी वरून दिसतच नाही. मला आलेल्या सडलेल्या स्नेक प्लांटपैकी बरेच अशा देखण्या कुंड्यांमधून आलेले आहेत. फोटो काढताना आतली कुंडी बाहेर काढून तोही फोटो द्या, म्हणजे आत काहीतरी आहे हे राहणाऱ्याला कळेल.

७. पाणी लगेच खाली येतंय का?

आता उलटा प्रकार. पाणी घातलं, क्षणात बशी भरली, म्हणून माणूस समजतो की झाड प्यायलं. झाड मात्र पडलेलंच. कोकोपीटसारखी माती पूर्ण सुकली की आक्रसते, कडेने फट पडते आणि पाणी मुळांना न शिवता फटीतून खाली निघून जातं. कुंडी उचला. पाणी घालूनही हलकीच लागली तर हाच प्रकार. कुंडी बादलीत अर्ध्या उंचीपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, वरची माती ओली दिसली की बाहेर काढून निथळू द्यायची. हे मात्र कुंडी हलकी असेल तेव्हाच करायचं. जड कुंडीवर हा प्रयोग केला तर उरलीसुरली मुळंही जातील.

एक उदाहरण

माझी बहीण बाहेरगावी गेली होती आणि तिच्या नणंदेचा मुलगा घरी राहायला आला होता. एके सकाळी त्याचा फोन आला: "मावशी, तीन नंबरची पीस लिली पूर्ण पडली आहे. काल संध्याकाळी पाणी घातलं होतं. आता परत घालू का?"

"थांब, घालू नकोस. आधी कुंडी उचल. बाजूची तसलीच कुंडी उचल आणि मला सांग कुठली जड."

"हीच जड आहे. बरीच जड."

इथे अर्धा निकाल लागला. पीस लिली तहानली की नाट्यमय रीतीने सगळी पानं खाली टाकते, पण पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. रात्रभरात उभी राहिली नाही आणि कुंडी जड, म्हणजे तहान नव्हती. त्याला बाहेरच्या पांढऱ्या कुंडीतून आतली कुंडी काढायला सांगितलं. तळात बोटभर पाणी होतं. बहिणीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "एक दिवसाआड एक तांब्या". ती स्वतः दर रविवारी बाहेरची कुंडी रिकामी करायची. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं की लिहायचं सुचलंच नाही.

त्याला सांगितलं ते असं: बाहेरची कुंडी बाजूला ठेव. जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी करून तिच्यावर कुंडी ठेव, कागद तळाच्या भोकातून ओल ओढून घेतो. कागद भिजला की बदल. झाड उजेडात ठेव, पण थेट उन्हात नको, कारण अधू मुळांना उन्हाची मागणी झेपत नाही. खत नाही, पानांवर फवारणी नाही, पाणी नाही. रोज सकाळी त्याच जागेवरून एक फोटो. तिसऱ्या दिवशी मधली कोवळी पानं उभी राहिलेली फोटोत दिसली. बाहेरची चार पिवळीच राहिली, ती नंतर कापली. मधली पानं उठली नसती तर पुढची पायरी मुळं बघण्याची होती.

त्या झाडाची नोंद आता अशी आहे:

> ३. पीस लिली, बैठकीच्या खिडकीपाशी. फोटो अ: पाणी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८. फोटो ब: पाणी द्यायच्या दिवशी सकाळी ८, पानं थोडी सैल. आधीपासूनचं: दोन पानांची टोकं तपकिरी (गोल केलं आहे). दर तीन दिवसांनी उचलून बघणे. हलकी लागली आणि दोन पेरं माती कोरडी असेल तरच दोन पेले पाणी. अर्ध्या तासाने पांढऱ्या कुंडीतलं पाणी ओतणे. जड असूनही पडली तर पाणी न घालता फोन करणे.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण नेमक्या त्याच वेळी माणूस चुकीचं काम करतो. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, कोरफड यांची नोंद याहून छोटी असते. ही झाडं पानांत किंवा मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतात. पंधरा दिवसांच्या गैरहजेरीसाठी मी त्यांच्यापुढे सरळ "पाणी घालायचं नाही" असं लिहिते आणि मातीवर एक उलटी वाटी ठेवते, म्हणजे विसरून कुणी ओतत नाही. उन्हातली तुळस आणि मातीच्या छोट्या कुंडीतला मोगरा ही दुसऱ्या टोकाची झाडं. मातीची कुंडी अंगातूनही ओल सोडते, म्हणून कडक उन्हाळ्यात त्यांना रोज बघावंच लागतं.

८. मुळं बघणं

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि ती मालकाने परत आल्यावर करायची. राहायला आलेल्याच्या गळ्यात ती मारू नका. कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, दाबल्यावर टणक मुळं चांगली. तपकिरी, चिकट, ओढल्यावर साल हातात येऊन आत दोरा उरतो ती मेलेली. मेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून, ओली माती टाकून, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत नव्या भुसभुशीत मातीत झाड लावायचं. मोठी कुंडी घेतली तर थोड्या मुळांभोवती भरपूर ओली माती राहते आणि तोच आजार परत येतो.

याच कारणाने निघायच्या आधीच्या पंधरवड्यात कुंडी बदलू नका आणि खतही घालू नका. मुळं दुखावलेलं झाड कमी पाणी पितं आणि तुमची सगळी मापं चुकतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

खोड जमिनीलगत मऊ लागलं किंवा दाबल्यावर पाणी सुटलं तर घरगुती उपाय थांबवा. झाड जुनं किंवा मोलाचं असेल तर माळ्याला किंवा नर्सरीतल्या माणसाला दाखवा. उशीर करू नका, कारण वरचा टणक भाग असेपर्यंतच त्याची कलम करता येते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण, एकाहून जास्त कुंड्यांवर दिसले तर राहणाऱ्याने त्या कुंड्या वेगळ्या ठेवायच्या, एवढंच. मालक घरात नसताना बंद खोलीत कीटकनाशक फवारायचं नाही. एकट्याला उचलत नाही अशी कुंडी सरकवायचीही नाही. कुंडीतलं पाणी विजेच्या बटणांपर्यंत गेलं असेल तर मुख्य बटण बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, पण बटणांचा बोर्डच ओला असेल तर त्याला हात न लावता दूर व्हायचं. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर पीस लिली आणि मनी प्लांटच्या नोंदीपुढे पशुवैद्याचा नंबर हवा. दोन्हींची पानं चावली की तोंडाची आग होते आणि लाळ गळते.

चिठ्ठीच्या शेवटी माळ्याचा नंबर, त्याला बोलवायचं ठरलं तर पैसे कोण देणार, आणि कुठल्या कुंड्या गेल्या तरी चालतील त्यांचे आकडे लिहा. माझ्या यादीत असे आकडे बरेच असतात. ते वाचल्यावर राहणारा माणूस मनी प्लांटच्या एका पिवळ्या पानासाठी रात्री फोन करत नाही.